महागाईशी बांधलेलं भाडं: लांब मुदतीच्या करारात निर्देशांकाचं सूत्र कसं लिहावं

मुंबईत दुकानाचा गाळा किंवा ऑफिस लांब मुदतीने द्यायचं ठरलं की भाडेवाढीचं कलम फारशी चर्चा न होताच लिहिलं जातं: दर तीन वर्षांनी १५ टक्के. ब्रोकर तेच सांगतो, वकिलाच्या जुन्या मसुद्यात तेच असतं, शेजारच्या गाळ्यालाही तेच लागू असतं. वर्षाच्या हिशोबात ही वाढ साधारण ४.७७ टक्के चक्रवाढ पडते. महागाई तिच्या आसपास राहिली तर कुणाचंच बिघडत नाही. पण किरकोळ महागाईचा वार्षिक दर एप्रिल २०२२ मध्ये ७.७९ टक्के होता आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ०.२५ टक्के. नऊ वर्षांच्या करारात ही दोन्ही टोकं सहज येऊन जातात. एका टोकाला मालक घाट्यात जातो, दुसऱ्या टोकाला भाडेकरू.

भाडं आणि महागाई यांची फारकत झाली की काय होतं हे या शहराला वेगळं सांगायला नको. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली होती. चाळींची डागडुजी का होत नाही, या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग त्या तारखेत आहे. मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवणं आता अवाजवी झाल्याचं म्हटलं आणि त्यानंतर आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये वर्षाला ४ टक्के वाढीची तरतूद झाली.

त्यामुळे पहिला प्रश्न सूत्राचा नाही, जागेचा आहे. भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असलेल्या भाडेकरूला निर्देशांकाचं कलम लावून ४ टक्क्यांच्या पलीकडे जाता येईल असं गृहीत धरू नका. हे कलम खरं उपयोगी पडतं ते कायद्याच्या कलम ३ मधून सूट मिळालेल्या जागांसाठी, म्हणजे भाडेकरू बँक असेल, सरकारी महामंडळ असेल, किंवा एक कोटी वा त्याहून जास्त भरणा झालेलं भागभांडवल असलेली कंपनी असेल तेव्हा. लीव्ह अँड लायसन्सच्या पाच वर्षांच्या करारातही सूत्र हेच चालतं.

पुढचं सगळं एकाच उदाहरणावर करू. समजा, दादरला रस्त्यालगत तळमजल्यावरचा एक गाळा आहे, चार भावंडांच्या मालकीचा. भाडेकरू आहे पॅथॉलॉजी लॅब चालवणारी, वरच्या निकषात बसणारी कंपनी. मुदत नऊ वर्षं, सुरुवात १ एप्रिलला, पहिल्या वर्षाचं भाडं महिना २,००,००० रुपये आणि त्यावर जीएसटी वेगळा. भाडं दर वर्षी १ एप्रिलला निर्देशांकाप्रमाणे बदलायचं आहे. उदाहरणातले निर्देशांक मी सोयीसाठी घेतलेत, ते जाहीर झालेले आकडे नाहीत.

कोणता निर्देशांक

"महागाईप्रमाणे भाडं वाढेल" हे वाक्य करारात असणं आणि नसणं सारखंच. भारतात एकाच वेळी अनेक निर्देशांक निघतात आणि ते एका चालीने चालत नाहीत. घाऊक किंमत निर्देशांकात सेवा धरल्या जात नाहीत आणि तो कच्चं तेल, धातू यांच्या भावांबरोबर जोरात हलतो. २०२३ मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर सलग सात महिने त्याचा वार्षिक दर शून्याखाली होता, तेव्हा किरकोळ महागाई मात्र वर होती. औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक शिमल्याचं लेबर ब्युरो काढतं. महागाई भत्ता त्यावरच ठरतो आणि त्यात मुंबई केंद्राचा स्वतंत्र आकडाही मिळतो. मुंबईचा आकडा ऐकायला बरा वाटतो, पण एका केंद्राचा आकडा स्थानिक कारणांनी उसळतो आणि नऊ वर्षांसाठी मला तो नको वाटतो.

माझी पसंती राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या अखिल भारतीय, ग्रामीण व शहरी एकत्रित, सर्वसाधारण ग्राहक किंमत निर्देशांकाला आहे. रिझर्व्ह बँकेचं ४ टक्क्यांचं लक्ष्य याच निर्देशांकावर आहे, त्यामुळे तो मध्येच बंद पडण्याची शक्यता फार कमी. करारात त्याचं पूर्ण नाव लिहा: प्रकाशक, भौगोलिक व्याप्ती, एकत्रित की शहरी, सर्वसाधारण की एखाद्या गटाचा, आणि आधारवर्ष. यातला एक शब्द सुटला तरी पुढे दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा आकडा घेऊन बसतात.

कोणत्या महिन्याचा आकडा

हा निर्देशांक दर महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास आधीच्या महिन्यासाठी जाहीर होतो. पहिल्यांदा येणारा आकडा तात्पुरता असतो आणि पुढच्या महिन्यात तो अंतिम होतो. म्हणजे १ एप्रिलच्या भाड्यासाठी मार्चचा आकडा मिळणं शक्यच नाही. जानेवारीचा तात्पुरता आकडा फेब्रुवारीत येतो, अंतिम मार्चच्या मध्यात. पत्र पाठवायला दोन आठवडे उरतात. म्हणून आपल्या करारात जानेवारीचा अंतिम आकडा धरू.

पायाभूत आकडा आणि दर वर्षीचा आकडा एकाच महिन्याचा असायला हवा. भाजीपाला पावसाळ्यात महागतो आणि हिवाळ्यात उतरतो. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने किरकोळ महागाईचा दर ७.४४ टक्क्यांवर नेला होता. पाया जानेवारीचा आणि फेरआढावा जुलैचा असला तर मालकाला ऋतूची फुकट वाढ मिळते, उलट असलं तर भाडेकरूला. एखाद्या महिन्याच्या उसळीची फारच भीती वाटत असेल तर बारा महिन्यांची सरासरी घ्या, मात्र पायासाठीही सरासरीच घ्यायची.

सूत्र

सूत्र एका ओळीचं आहे:

```
R(n) = R(0) × I(n) ÷ I(0)
```

R(0) म्हणजे करारातलं मूळ भाडं, I(0) म्हणजे करार सुरू होण्याआधीच्या जानेवारीचा निर्देशांक, I(n) म्हणजे फेरआढाव्याच्या वर्षीच्या जानेवारीचा निर्देशांक आणि R(n) म्हणजे नवं भाडं. मूळ भाडं आणि मूळ निर्देशांक दोन्ही नऊ वर्षं जागचे हलत नाहीत. दर वर्षी बदलतो तो फक्त I(n).

पायाभूत निर्देशांक १०४.० धरला आणि पुढच्या चार जानेवारींचे आकडे १०९.२, ११२.५, १२१.५ आणि १२२.१ असे आले, तर:

| वर्ष | निर्देशांक | हिशोब | महिन्याचं भाडं |
|---|---|---|---|
| पहिलं | १०४.० | मूळ | २,००,००० |
| दुसरं | १०९.२ | २,००,००० × १०९.२ ÷ १०४ | २,१०,००० |
| तिसरं | ११२.५ | २,००,००० × ११२.५ ÷ १०४ | २,१६,३४६ |
| चौथं | १२१.५ | २,००,००० × १२१.५ ÷ १०४ | २,३३,६५४ |
| पाचवं | १२२.१ | २,००,००० × १२२.१ ÷ १०४ | २,३४,८०८ |

दोन गोष्टी इथेच बघून ठेवा. तिसऱ्या वर्षी निर्देशांक १०९.२ वरून ११२.५ झाला, म्हणजे ३.३ अंकांनी वाढला, पण टक्क्यांत ही वाढ ३.०२ आहे. अंकांनाच टक्के समजण्याची चूक निर्देशांक शंभराजवळ असताना खपून जाते. तो १८० वर गेला की ९ अंकांची वाढ ५ टक्केच असते, आणि तेव्हा ९ टक्के मागणारं पत्र येतं.

दुसरी गोष्ट वर्तमानपत्रातल्या मथळ्याची. तिथे येतो तो महागाईचा दर, म्हणजे गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी केलेली तुलना. फेरआढावा दर वर्षी असेल तर तो दर चालून जातो. पण फेरआढावा तीन वर्षांनी ठेवून करारात "त्या वेळचा महागाई दर" लिहिलं, तर आपल्या उदाहरणात चौथ्या वर्षी फक्त ८ टक्के वाढ मिळेल आणि आधीच्या दोन वर्षांची महागाई गायब होईल. निर्देशांकाने धरलं तर तीच वाढ १६.८३ टक्के आहे. म्हणून करारात "दर" नको, "निर्देशांक" हवा.

जिथे सूत्र बिघडतं

मसुद्यात सर्रास दिसणारं वाक्य असं असतं: "चालू भाड्याला नव्या निर्देशांकाने गुणून पायाभूत निर्देशांकाने भागावे." वाचताना यात काही खटकत नाही. पहिल्या वाढीला आकडाही बरोबर येतो, कारण तेव्हा चालू भाडं आणि मूळ भाडं एकच असतं. गडबड दुसऱ्या वाढीपासून सुरू होते. चालू भाड्यात आधीची महागाई आलेलीच असते आणि पायाभूत निर्देशांक मूळचाच राहिल्यामुळे तीच महागाई पुन्हा मोजली जाते. आपल्या आकड्यांवर बघा:

```
2nd year: 200000 × 109.2 ÷ 104 = 210000
3rd year: 210000 × 112.5 ÷ 104 = 227163
4th year: 227163 × 121.5 ÷ 104 = 265388
5th year: 265388 × 122.1 ÷ 104 = 311576
```

पाचव्या वर्षी योग्य भाडं २,३४,८०८ आणि या वाक्याप्रमाणे ३,११,५७६. महिन्याला ७६,७६८ रुपयांचा फरक, आणि अजून चार वाढी बाकी. पाचव्या वर्षी महागाई अर्धा टक्काही नव्हती, तरी भाडं १७ टक्क्यांहून जास्त वाढलं. चूक ओळखायची खूण हीच: निर्देशांक जेमतेम हललाय आणि भाडं उडी मारतंय.

इंग्लंडमध्ये सौरऊर्जा प्रकल्पाच्या जमिनीच्या २५ वर्षांच्या लीजमध्ये नेमकं हेच झालं. मोनसोलर विरुद्ध वोडन पार्क या नावाने ते प्रकरण २०२१ मध्ये तिथल्या अपील न्यायालयापर्यंत गेलं. सुरुवातीचं भाडं वर्षाला १५,००० पौंड होतं. सूत्र शब्दशः वाचलं तर मुदतीच्या शेवटी ते काही कोटी पौंडांवर जात होतं. न्यायालयाने ही लिहिण्यातली उघड चूक मानली आणि सूत्र दुरुस्त करून वाचलं. आपल्याकडेही विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम २६ खाली दस्त दुरुस्त करून मागता येतो, पण दोघांचीही चूक झाली होती हे सिद्ध करत बसावं लागतं. नोंदणीआधी एक ओळ सुधारणं त्यापेक्षा फार स्वस्त.

चालू भाड्यावरच हिशोब ठेवायचा असेल तर भागाकारातला निर्देशांकही मागच्या वर्षीचा घ्या. दोन्ही मूळ किंवा दोन्ही मागच्या वर्षीचे, सरमिसळ नाही. एक्सेलमध्ये B स्तंभात निर्देशांक, C मध्ये भाडं आणि दुसऱ्या ओळीत मूळ आकडे असतील तर C3 मध्ये हे लिहून खाली ओढा:

```
=ROUND($C$2*B3/$B$2,0)
```

C2 ची डॉलर चिन्हं पडली आणि B2 ची राहिली की वरचीच चूक शीटमध्ये शिरते. करार बरोबर असूनही पत्रातला आकडा चुकण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. माझा आग्रह असा की चार-पाच वर्षांचं नमुना कोष्टक करारालाच परिशिष्ट म्हणून जोडावं. शब्दांवरून वाद झालाच तर कोष्टक दोघांचा हेतू सांगतं.

किमान आणि कमाल मर्यादा

भाडेकरू कंपनी बहुधा कमाल मर्यादा मागते आणि मालक म्हणतो, भाडं खाली यायचं नाही. दोन्ही मागण्या रास्त आहेत. समजा ठरलं: कोणत्याही वर्षी वाढ ६ टक्क्यांपेक्षा जास्त नाही आणि भाडं कमी होणार नाही. इथे न विचारलेला प्रश्न असा की मर्यादेमुळे अडलेली वाढ कायमची बुडाली, की पुढे भरून निघणार?

चौथ्या वर्षी निर्देशांक ८ टक्क्यांनी वाढला. मर्यादेमुळे भाडं २,१६,३४६ वरून ६ टक्के वाढून २,२९,३२७ झालं, सूत्राचं २,३३,६५४ नाही. पाचव्या वर्षी निर्देशांक फक्त ०.४९ टक्क्याने वाढला. वाढ मागच्या वर्षाच्या भाड्यावर मोजली तर भाडं २,३०,४५९ होतं आणि मागचे दोन टक्के मालकाच्या हातून कायमचे जातात. मूळ पायावरून मोजलं तर सूत्राचं भाडं २,३४,८०८ येतं. चालू भाड्यावर ही वाढ २.३९ टक्के, म्हणजे मर्यादेच्या आतच, म्हणून पूर्ण भाडं लागू होतं. फरक महिना ४,३४९ रुपयांचा, पण तो उरलेल्या पाच वर्षांत तसाच पुढे चालत राहतो.

मला दुसरी पद्धत न्याय्य वाटते. भाडेकरूला हवं असतं ते एका वर्षात मोठा धक्का न बसणं, आणि ते तिच्यातही मिळतं. "भाडं कमी होणार नाही" या अटीच्या बाबतीत मूळ पाया भाडेकरूच्या फायद्याचा ठरतो. एखाद्या वर्षी निर्देशांक उसळून पुढच्या वर्षी उतरला तर भाडं त्या उंचीवर थांबतं आणि निर्देशांक पुन्हा तिथे पोहोचेपर्यंत वाढत नाही. मागच्या वर्षाचा पाया धरला तर उतरलेल्या आकड्यापासून नवी वाढ मोजली जाते आणि ती उसळी भाड्यात कायमची मुरते.

आधारवर्ष बदललं तर

नऊ वर्षांत हे होणार असं धरूनच चाला. या निर्देशांकाची २०१२ आधारवर्षाची मालिका जाऊन २०२६ मध्ये २०२४ आधारवर्षाची आली. नवी मालिका पुन्हा शंभराच्या आसपास सुरू होते. जुन्या करारात पाया १७६.० असेल आणि नव्या मालिकेतला आकडा १०८.० आला, तर सरळ भागाकार ०.६१ देतो, म्हणजे भाडं ३९ टक्क्यांनी खाली! असं पत्र भाडेकरूने पाठवलंच तर मालकाच्या तोंडचं पाणी पळेल.

यासाठी दोन मालिकांना सांधणारा जोडगुणक वापरतात. कामगार निर्देशांक २००१ वरून २०१६ आधारवर्षावर गेला तेव्हा लेबर ब्युरोने अखिल भारतीय जोडगुणक २.८८ दिला होता. आपल्या उदाहरणात गुणक १.९ आहे असं धरा:

```
108.0 × 1.9 = 205.2
200000 × 205.2 ÷ 176.0 = 233182
```

गुणक सर्वसाधारण निर्देशांकाचाच घ्यायचा, खाद्यपदार्थांच्या किंवा राज्याच्या गुणकाने आकडा वेगळा येतो. करारात लिहा की मालिका बदलल्यास प्रकाशकाने दिलेला जोडगुणक वापरला जाईल, आणि तो नसेल तर दोन्ही मालिका उपलब्ध असलेल्या एका महिन्याच्या आकड्यांचं गुणोत्तर धरलं जाईल. निर्देशांकच बंद झाला तर सरकारने त्याच्या जागी आणलेला, आणि त्यावरही एकमत नसेल तर दोघांनी मिळून नेमलेल्या सनदी लेखापालाचा निर्णय.

कलम आणि दर वर्षीचं काम

वरचं सगळं करारात साधारण असं उतरेल:

"दर वर्षी १ एप्रिल रोजी मासिक भाडे पुढीलप्रमाणे ठरेल: परिशिष्टात नमूद मूळ भाडे गुणिले त्या वर्षीच्या जानेवारी महिन्याचा अंतिम निर्देशांक भागिले पायाभूत निर्देशांक. मूळ भाडे व पायाभूत निर्देशांक मुदतभर बदलणार नाहीत. असे ठरलेले भाडे लगतच्या आधीच्या भाड्यापेक्षा कमी असणार नाही व त्यापेक्षा ६ टक्क्यांहून अधिक असणार नाही. मर्यादेमुळे न मिळालेली वाढ पुढील वर्षांच्या मर्यादेत भरून घेता येईल. रक्कम जवळच्या पूर्ण रुपयात धरली जाईल."

मार्चच्या मध्याला अंतिम आकडा आला की मालकाने एक पानी पत्र पाठवावं: दोन्ही निर्देशांक, हिशोबाची ओळ, नवं भाडं, त्यावरचा १८ टक्के जीएसटी. निर्देशांकाचं कोष्टक छापून जोडावं. पत्र उशिरा गेलं तरी वाढ १ एप्रिलपासूनच लागू आहे हे करारात स्पष्ट असू द्या, नाहीतर "कळवलंत जूनमध्ये, वाढ जूनपासून" हा वाद ठरलेला. मात्र वर्षानुवर्षं झोपून राहायचं नाही, कारण थकीत भाड्याचा दावा मुदतीच्या कायद्याप्रमाणे तीन वर्षांतच करता येतो.

मुद्रांक शुल्काचा भाग थोडक्यात. पाच ते दहा वर्षांच्या लीजवर शुल्क बाजारमूल्याच्या २५ टक्के भागावर, खरेदीखताच्या दराने लागतं, त्यामुळे भाडं पुढे किती होईल हा प्रश्न तिथे येत नाही. साठ महिन्यांपर्यंतच्या लीव्ह अँड लायसन्सवर मात्र ते एकूण भाडं आणि डिपॉझिटच्या हिशोबाने ०.२५ टक्के असतं, आणि पुढचं भाडं तर माहीत नाही. तिथे दर वर्षी कमाल ६ टक्के वाढ धरून शुल्क भरलेलं बरं, जास्तीची रक्कम किरकोळ असते आणि दस्त कमी शुल्काचा ठरत नाही. शेवटचा मुद्दा डिपॉझिटचा: "सहा महिन्यांचं भाडं" असं लिहिलं तर ते मूळ भाड्याचं की चालू भाड्याचं हे लगेच पुढच्या शब्दांत सांगा, कारण चालू भाड्याचं असेल तर भाडेकरूला दर एप्रिलला फरकाची रक्कम भरावी लागेल.